एकच कोथिंबीर वडी, चार प्रकारे: वाफ, तवा, कढई आणि एअर फ्रायर यांत कॅलरीचा फरक किती पडतो

अंबाजोगाईला असलेल्या माझ्या धाकट्या जावेनं वजन कमी करायला घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी घरातलं तळण बंद केलं. वड्या वाफवलेल्या, ढोकळा वाफवलेला, मुटकेही वाफवलेले. दीड महिन्यानं तिचा फोन आला. "ताई, वाफवलेलंच खातीय की मी, मग वजन कामून हलंना?"

दिवाळीनंतर ती आमच्याकडे परभणीला आली. कोथिंबिरीच्या जुड्या स्वस्त झाल्या होत्या. आम्ही दोघींनी एकाच मापानं वड्यांचे घाणे केले आणि सगळ्या गोष्टी काट्यावर ठेवून पाहिल्या. वाफ, तवा, कढई, एअर फ्रायर या पद्धतींत फरक नेमका कुठे पडतो हे त्यातून तिला कळलं. त्याच क्रमानं इथे सांगते. तुम्हाला लागेल तो फक्त स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा.

आधी तेलाचा हिशेब

एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात. घाण्यावरून आणलेलं करडईचं असो, शेंगदाण्याचं असो की पिशवीतलं सोयाबीनचं, या आकड्यात फरक पडत नाही. करडईचं तेल चांगलं म्हणून दोन चमचे जास्त चालतं, असं आपल्याकडे पुष्कळजणी मानतात. तब्येतीच्या दृष्टीनं तेलातेलात फरक असेल, पण कॅलरीच्या वहीत सगळी तेलं सारखीच लिहायची.

आता तुमचा चमचा मोजा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि रोज फोडणीला वापरता तो चमचा जसा भरता तसाच भरून त्यात तेल ओता. औषधाच्या मापाचा पाच मिलीचा चमचा साधारण साडेचार ग्रॅम भरतो, म्हणजे ४० कॅलरी. आमच्या घरचा पोह्यांचा चमचा काठोकाठ भरला की ९ ग्रॅम होतो, म्हणजे ८० कॅलरी. तुमच्या पळीचं माप मी सांगू शकत नाही, कारण प्रत्येक घरची पळी निराळी. हे एकदा मोजलं आणि आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवला की रोज काटा काढावा लागत नाही.

घरात तेल किती जातं याचा अंदाज महिन्याच्या किराण्यावरूनही येतो. चार माणसांच्या घरी महिन्याला चार किलो तेल संपत असेल, तर माणशी दिवसाला ३३ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३०० कॅलरी झाल्या. सावकाश वजन उतरवायला दिवसाला जेवढ्या कॅलरी कमी खातात, तेवढ्याच्या आसपासची ही रक्कम आहे.

वडीचं पीठ आणि त्याचा पाया

आम्ही घेतलं ते असं: निवडलेली कोथिंबीर २०० ग्रॅम, बेसन १५० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, तीळ १० ग्रॅम. सोबत लसूण, हिरवी मिरची, जिरं, ओवा, हळद, मीठ. ताटलीला लावायला ५ ग्रॅम तेल.

याच्या कॅलरी ढोबळमानानं मांडल्या, तर बेसनाच्या ५७०, ज्वारीच्या १७५, कोथिंबिरीच्या ५०, तिळाच्या ५७ आणि ताटलीच्या तेलाच्या ४५. बेरीज ९०० च्या आसपास जाते. आम्ही २४ वड्या पाडल्या. सहा वड्यांचं एक ताट धरलं, तर ताटात २२५ कॅलरी येतात. हा झाला पाया. पुढे तुम्ही काहीही करा, या २२५ कमी होत नाहीत. वाफवल्यानं बेसन हलकं होत नाही आणि एअर फ्रायरमधूनही कमी होऊन येत नाही. पद्धतीनुसार बदलतं ते फक्त त्यावर चढणारं तेल. म्हणून पाया आणि चढलेलं तेल हे दोन आकडे नेहमी वेगळे लिहा.

वाफवणं

कोथिंबीर धुऊन कापडावर पसरा आणि पाणी पूर्ण निथळू द्या, मग चिरा. ओल्या कोथिंबिरीनं पीठ सैल होतं, मग आपण बेसन वाढवत जातो आणि वडीचा पाया नकळत जड होतो. चिरलेल्या कोथिंबिरीला मीठ चोळून दहा मिनिटं ठेवली की तिला स्वतःचं पाणी सुटतं. त्यात पीठ आणि मसाला मिसळून लागेल तसं थोडं थोडं पाणी घाला. आम्हाला अर्ध्या वाटीहून थोडं कमी लागलं. पीठ हाताला चिकटणारं पण थापता येणारं हवं.

कुकरमध्ये तळाला दोन ग्लास पाणी घेऊन आधी उकळी आणा. थंड पाण्यावर ताटली ठेवली तर पीठ बसतं आणि वडी दगडासारखी होते. झाकणाची शिट्टी काढा. ताटलीवर थेंब पडू नयेत म्हणून आतलं भांडं पातळ कापडानं झाका. मध्यम आचेवर १८ ते २० मिनिटं पुरतात. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाली.

खरा संयम इथून पुढे लागतो. ताटली बाहेर काढून निदान अर्धा तास गार होऊ द्या. गरम वडी कापली की कडा चुरतात, आणि चुरलेल्या कडा तव्यावर आणि कढईत तेल जास्त ओढतात, कारण तेल धरतो तो वडीचा पृष्ठभाग, आणि कड जेवढी खडबडीत तेवढा पृष्ठभाग जास्त. तेलाचा आकडा घराघरात बदलतो, त्यामागचं हे मोठं कारण आहे.

जावेचं गणित इथे फसलं होतं

तिला विचारलं, "वाफवल्यावर काय करतेस?" ती म्हणाली, "काय न्हाई, नुसती फोडणी देते वरून." मी तिच्या हातात डबा दिला आणि रोज देते तशी फोडणी द्यायला सांगितलं. बारा वड्यांवर तिनं पोह्यांचे तीन चमचे तेल घातलं. मोहरी, तीळ, कढीपत्ता, सगळं नीट तडतडलं. काट्यानं २७ ग्रॅम दाखवलं. म्हणजे सहा वड्यांच्या ताटात साडेतेरा ग्रॅम, १२० कॅलरी. पायाच्या २२५ मिळवल्या की ३४५ होतात.

त्यातच ताटाच्या कडेला शेंगदाण्याची चटणी दोन चमचे, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्यावर कच्च्या तेलाची धार. चटणी २० ग्रॅम धरली तर सुमारे ११० कॅलरी, वरचं तेल एक चमचा धरलं तर आणखी ८०. ताट गेलं ५३५ वर. वड्या वाफवलेल्याच होत्या, त्यात खोटं काही नव्हतं. पण वाफेनं जेवढं तेल वाचवलं होतं, त्याहून जास्त फोडणी आणि चटणीनं परत आणलं.

वाफवलेल्या पदार्थावर फोडणी घालायचीच असेल, तर ती मोजून घाला. बारा वड्यांना औषधी मापाचे दोन चमचे तेल, म्हणजे ९ ग्रॅम पुरतात, फक्त लहान फोडणीपात्र घ्यावं लागतं. मोठ्या कढईत एवढं तेल पसरून जातं आणि मोहरी जळते, मग हात आपोआप पुन्हा डब्याकडे जातो.

तवा

सगळ्यात जास्त फरक तव्यावर पडतो, कारण तिथे तेल किती घालायचं हे डोळ्यांनी ठरतं.

आम्ही दोन घाणे केले. पहिल्यात नेहमीसारखं तव्यावर तेल सोडलं, वड्या मांडल्या, कडेनं पुन्हा सोडलं, उलटल्यावर पुन्हा थोडं. दुसऱ्यात वाटीत तेल मोजून घेतलं आणि वड्यांच्या दोन्ही बाजूंना ब्रशनं लावून त्या कोरड्या तापलेल्या तव्यावर ठेवल्या. दोन्ही वेळा शेवटी तव्यावर उरलेलं तेल वजा केलं. पहिल्या रीतीनं २४ वड्यांना ४० ग्रॅमच्या हिशेबानं तेल गेलं, दुसऱ्या रीतीनं १८ ग्रॅमच्या. सहा वड्यांच्या ताटात पहिल्यात ९० कॅलरी चढतात, दुसऱ्यात ४०. म्हणजे ताटं झाली ३१५ आणि २६५ ची.

ब्रशच्या रीतीसाठी बिडाचा मुरलेला तवा किंवा नॉनस्टिक पाहिजे. नव्या लोखंडी तव्यावर वडी चिकटते आणि सोडवताना खरपूस थर तव्यावरच राहतो. तवा मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडून गेला पाहिजे. वडी ठेवल्यावर तीन मिनिटं तिला हात लावू नका. कडेला तांबूस रेघ दिसली आणि वडी स्वतःहून सुटली की उलटा. थंड तव्यावर टाकलेली वडी तांबूस व्हायला दुप्पट वेळ घेते, तेवढा वेळ तेल पीत राहते, आणि तरी मऊच लागते. तव्यावरच्या वडीवर बोट ठेवल्यावर तेलाचा ओला ठसा उमटत असेल, तर आच कमी पडली असं समजा.

तव्यावर उरलेलं तेल मोजताना मात्र फसायला होतं. ते तुम्ही टाकून दिलंत तरच वजा करा. त्याच तेलात पुढची भाजी फोडणीला टाकली, तर ते भाजीच्या हिशेबात लिहावं लागेल.

कढई, तुलनेपुरती

तळलेल्याचा आकडा काढायला कढई तेलासकट काट्यावर ठेवून वजन घेतलं, वड्या तळल्या, कढई पूर्ण गार होऊ दिली, तेल गाळून चुरा काढला आणि पुन्हा वजन घेतलं. गरम कढई काट्यावर ठेवू नका, काटा बिघडतो. २४ वड्यांना ६० ग्रॅम तेल गेलं. ताटामागे १३५ कॅलरी चढल्या आणि ताट झालं ३६० चं.

तळणातलं बरंचसं तेल वडी कढईत असताना आत जात नाही. तेव्हा आतली वाफ बाहेर पडत असते आणि ती तेलाला आत येऊ देत नाही. वडी बाहेर काढली की आतली वाफ थंड होते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून सणासुदीला तळायचंच असेल, तर झाऱ्यात वड्या कढईवरच जोरात झटका आणि गरम असतानाच कागदावर पसरा. डब्यात एकावर एक रचून ठेवलेल्या वड्या स्वतःचंच तेल पिऊन घेतात.

एअर फ्रायर

नावात तळण असलं, तरी हे यंत्र म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी आहे. गरम वारा पदार्थाच्या भोवती फिरतो, वरचं पाणी उडवतो आणि कड खरपूस करतो. वाफेची उष्णता शंभर अंशांवर थांबते, म्हणून वाफवलेलं कधीच तांबूस होत नाही. एअर फ्रायर त्याच्या बराच वर जातो.

यंत्र १८० अंशांवर तीन मिनिटं तापवून घ्या. वड्यांना ब्रशनं अगदी पातळ तेल लावा, २४ वड्यांना ६ ग्रॅम पुरतं. जाळीवर एकाच थरात, वड्यांमध्ये बोटभर जागा सोडून मांडा. दाटीवाटीनं भरल्या तर वारा फिरत नाही आणि वड्या पुन्हा वाफवल्यासारख्या होतात, चोवीस वड्यांना दोन घाणे लागतातच. सात मिनिटांनी उलटा, नंतर आणखी चार-पाच मिनिटं. वडी आधीच शिजलेली असते, आपल्याला फक्त कड हवी असते. तेल अजिबात न लावता केल्या तर वड्या पांढुरक्या, भेगाळलेल्या निघतात आणि घशात अडकतात. वरून भुरभुरलेले तीळ वाऱ्यानं उडतात, म्हणून ते पिठातच मिसळा.

ताटामागे चढलेलं तेल दीड ग्रॅम, म्हणजे १४ कॅलरी. ताट झालं सुमारे २४० चं.

आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. कढईवरून एअर फ्रायरवर आलात, तर ताटामागे १२० कॅलरी वाचतात. पण ब्रशच्या तव्यावरून एअर फ्रायरवर आलात, तर वाचतात फक्त २५. ज्या घरात तळण रोजचं आहे तिथे यंत्राला अर्थ आहे. ज्या घरात वड्या तव्यावरच होतात, त्यांनी आधी काटा आणि ब्रश आणावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तव्यावरच्या दोन रीतींतला ५० कॅलरींचा फरक फक्त एका ब्रशनं मिळतो. शिवाय बहुतेक एअर फ्रायर दीड हजार वॅटच्या आसपासचे असतात, घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ते चालत नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी लाइट गेली की वड्या तव्यावरच जातात.

भज्यांचं ओलं पीठ मात्र एअर फ्रायरमध्ये घालू नका. तळणात तेल त्या पिठाला चारी बाजूंनी लगेच धरून ठेवतं. इथे ते जाळीतून खाली गळतं आणि जळतं.

वजन करताना होणारी एक चूक

जावेनं तयार वड्यांचं वजन केलं आणि ती गोंधळली. वाफवलेल्या सगळ्या वड्या मिळून ५०० ग्रॅम होत्या, एअर फ्रायरमधून काढल्यावर ४०० भरल्या. शंभर ग्रॅमला कॅलरी काढल्या तर वाफवलेल्या १८० आणि एअर फ्रायरच्या २४०. "हे तर वाढलं की!" म्हणाली. वाढलं काही नव्हतं, पाणी उडालं होतं. सहा वड्या सहाच होत्या.

म्हणून घरच्या पदार्थाचा हिशेब कच्च्या जिनसांवरून काढा, त्यात चढलेलं तेल मिळवा आणि तयार नगांनी भागा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये शंभर ग्रॅमचे आकडे असतात, ते कुणाच्या तरी दुसऱ्याच वडीचे असतात. कोरडी झालेली वडी हलकी लागते, त्यामुळे सहाच्या जागी नऊ खाल्ल्या जातात. हे आमच्याकडेही झालं. एअर फ्रायरच्या नऊ वड्या ३६० कॅलरींच्या होतात, म्हणजे तळलेल्या सहा वड्यांच्या ताटाइतक्याच. ताटात आधी मोजून घ्या आणि पातेलं चुलीपाशीच राहू द्या.

दुसऱ्या पदार्थांना हे कसं लावायचं

धपाटे तव्यावरच ठेवा. पातळ धपाटा एअर फ्रायरमध्ये चामड्यासारखा होतो. एका धपाट्याला दोन्ही बाजूंनी मिळून पोह्यांचा चमचाभर तेल सोडत असाल, तर ब्रशनं अर्ध्यात भागतं आणि धपाट्यामागे ४० कॅलरी वाचतात. तीन धपाटे खाणाऱ्याला त्याचा चांगलाच फरक पडतो.

वांगं कच्चं असताना स्पंजासारखं तेल शोषतं. भरल्या वांग्यांना आधी चिरा देऊन सात-आठ मिनिटं वाफवा, मग मसाला भरून थोड्या तेलावर परता. अर्थात मसाल्यातले शेंगदाणे आणि खोबरं तसेच राहतात, ते मोजायचे ते मोजायचेच.

शेंगोळे आणि वरणफळं पाण्यात शिजतात, तिथे सगळं तेल फोडणीत असतं. फोडणी मोजली की काम झालं.

तेल शून्यावर मात्र आणू नका. कोथिंबिरीसारख्या हिरव्या पाल्यातला अ जीवनसत्त्वाचा भाग अंगी लागायला जेवणात थोडा स्निग्धांश लागतो. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाचं माप बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, साखर उतरू शकते.

जाऊ आता वड्या वाफवून ठेवते आणि खायच्या वेळी सहा ब्रशच्या तव्यावर टाकते. चटणीला तेलाऐवजी दोन चमचे घट्ट ताक घालते. चटणी एक चमचा, म्हणजे ५५ कॅलरी. ताकाच्या पाच-सात धरल्या, तरी तिचं ताट ५३५ वरून सव्वातीनशेवर आलं आहे, आणि वडीला आता कड आहे. वाफवलेल्या वडीला ती नव्हती.